पूलच्या गाडीवर चलन आलं, तर पैसे कोणी भरायचे?

कंपनीच्या पूलमधली गाडी आज सेल्सवाल्याकडे असते, उद्या सर्व्हिसवाल्याकडे आणि परवा पाहुण्यांना आणायला स्टेशनवर. अशा गाडीवर ई-चलन आलं की ॲडमिनच्या टेबलावर एकच वाद होतो: त्या वेळी गाडी कोण चालवत होतं? आमच्या चाकणच्या युनिटमध्ये यासाठी दोन पानी परिपत्रक निघालं आहे. ते वकिली मराठीत आहे, त्यामुळे बऱ्याच जणांनी शेवटची ओळ तेवढी वाचली, म्हणजे ‘दंडाची रक्कम संबंधित चालकाने भरावयाची आहे’. खरा मुद्दा त्या ओळीच्या आधी आहे. ‘संबंधित चालक’ कोण, हे ठरवायचं कसं? आणि प्रत्येक दंड चालकाचाच असतो का?

आधी चलन कंपनीकडेच का येतं ते पाहू. रस्त्यावर हवालदाराने गाडी अडवली तर त्याच्यासमोर माणूस असतो, माणसाकडे लायसन्स असतं. कॅमेऱ्याला फक्त नंबर प्लेट दिसते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि इलेक्ट्रॉनिक देखरेखीचं कलम १३६-अ आलं. त्याखालचे नियम ऑगस्ट २०२१ मध्ये निघाले. त्यानुसार चलनासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसेल असा फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ आणि ठिकाण द्यावं लागतं. म्हणजे चलनावर चालक सोडून सगळं असतं. नंबरावरून आरसी सापडते, आरसीवर मालक म्हणून कंपनीचं नाव असतं, आणि मेसेज जातो आरसीला जोडलेल्या मोबाईलवर.

हा मोबाईल नंबर ही आमच्यासारख्या कंपन्यांची पहिली दुखरी जागा. गाडी घेताना डीलरकडच्या पोराने स्वतःचा नंबर टाकलेला असतो, किंवा तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या ॲडमिन ऑफिसरचा नंबर तिथे असतो. चलनं येत राहतात आणि कंपनीला पत्ता नसतो. आरटीओत काही काम काढलं की जुन्या चलनांची माळ एकदम समोर येते. तोवर त्यातल्या निम्म्या तारखांना गाडी कोणाकडे होती हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून परिपत्रकाचं पहिलं कलम कर्मचाऱ्यांसाठी नाही, ॲडमिनसाठी आहे. सगळ्या आरसींवर कंपनीचा एकच कायमचा मोबाईल नंबर नोंदवायचा आणि दर सोमवारी प्रत्येक गाडीचा नंबर mahatrafficechallan.gov.in वर तपासायचा. तिथे गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकीत चलनं फोटोसह दिसतात. मेसेजची वाट बघत बसायचं नाही.

मालकाला चालकाचं नाव सांगावंच लागतं

कायद्यात कलम १३३ आहे. एखाद्या गाडीच्या चालकावर गुन्ह्याचा आरोप असेल आणि अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने विचारलं, तर मालकाने चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती द्यायची असते. ‘आमच्याकडे चाळीस जण गाडी नेतात, कोण होतं माहीत नाही’ हे उत्तर पोलीस ऐकून घेतीलही, पण त्याने कंपनीची बाजू कमकुवत होते. माहिती शोधून देणं हे मालकाचं काम आहे, आणि मुद्दाम दडवली तर कलम १७९ खाली २,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

साध्या सिग्नलच्या चलनात ही वेळ सहसा येत नाही. पैसे भरले की विषय मिटतो. पण अपघात झाला, कोणी जखमी झालं, किंवा चलन कोर्टात गेलं, की पहिला प्रश्न नावाचाच असतो. त्यामुळे परिपत्रकाची नोंदपद्धत पाचशे रुपयांच्या पार्किंगसाठी केलेली वाटली, तरी ती त्या एका वाईट दिवसासाठी आहे.

कोणता दंड कोणाचा

परिपत्रक एक साधी कसोटी लावतं: स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाने वेगळं वागून हा दंड टाळता आला असता का? वेगमर्यादा, लाल सिग्नल, चालवताना फोन, उलट्या दिशेने गाडी घालणं, सीटबेल्ट, नो एन्ट्री हे सगळं चालकाच्या हातात असतं. ते पैसे चालकाने भरायचे.

पीयूसी संपलं, विमा संपला, फिटनेस संपलं, नंबर प्लेट नियमाप्रमाणे नाही, हे कंपनीचं. सकाळी घाईत गाडी नेणाऱ्याने प्रत्येक वेळी विम्याची तारीख बघावी अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, आणि कागद अद्ययावत ठेवणं हे ॲडमिनचं रोजचं काम आहे. आमच्याकडे याआधी पीयूसीचा दंडही चालकाच्या माथी मारला जायचा. तो प्रकार या परिपत्रकाने बंद केला, आणि माझ्या मते त्यातलं सर्वांत चांगलं कलम तेच आहे.

अडचण मधल्या प्रकरणांची आहे. मागच्या सीटवरच्या साहेबांनी बेल्ट लावला नाही तर? कलम १९४-ब नुसार बेल्ट न लावता चालवणारा जसा दोषी, तसाच बेल्ट न लावलेल्या प्रवाशाला नेणाराही दोषी. म्हणजे चलन चालकाच्या खात्यावर येतं. पण पगारी ड्रायव्हर साहेबांना किती वेळा सांगणार? परिपत्रकाने इथे कंपनीपुरता नियम केला आहे: चालक कंपनीचा ड्रायव्हर असेल आणि बेल्ट प्रवाशाने लावला नसेल, तर पैसे त्या प्रवाशाने भरायचे. पोलिसांच्या दृष्टीने याने काही बदलत नाही. कंपनीच्या आत मात्र बदलतं, आणि साहेब लोक बेल्ट लावायला लागतात.

दुसरं प्रकरण पिकअपमधल्या जादा मालाचं. त्याचा दंड २०,००० रुपये, वर जादा टनामागे २,००० रुपये. कलम १९४ मध्ये चालवणाऱ्याबरोबर ‘चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा’ही येतो. स्टोअरने माल भरला, डिस्पॅचने गेटपास दिला, आणि दंड चौदा-पंधरा हजार पगाराच्या हेल्परकम चालकाने भरावा, हे चालणार नाही. हा दंड कंपनीचा, आणि तो ज्या खात्याने माल भरला त्या खात्याच्या खर्चात पडतो.

‘लवकर ये, क्लायंट थांबलाय’ म्हणून फोन आला आणि वेगाचं चलन पडलं, तर? वेगाच्या कलम १८३ मध्ये आपल्या नोकराला मर्यादा तोडून चालवायला लावणाराही शिक्षेला पात्र आहे. लहान गाडीसाठी या कलमात १,००० ते २,००० रुपये दंड सांगितला आहे. परिपत्रक मात्र इथे चालकालाच जबाबदार धरतं; वरिष्ठांचा लेखी मेसेज दाखवला तरच कंपनी भरेल म्हणतं. मला हे थोडं कडक वाटतं, कारण असे हुकूम कोणी लिहून देत नाही. पण फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून धरलं तर प्रत्येक वेगाच्या चलनाला साहेबांचा फोन आलेला निघेल, हेही खरं.

किल्ली ज्याच्याकडे, गाडी त्याच्याकडे

आता चालक ओळखायचं. परिपत्रकाचा पाया किल्लीचं रजिस्टर आहे. गेटवर किल्ली घेताना आठ गोष्टी लिहायच्या: गाडीचा नंबर, नाव, एम्प्लॉयी कोड, लायसन्स नंबर आणि ते कधी संपतं, तारीख, घड्याळातली वेळ, किलोमीटर रीडिंग, सही. ‘सकाळी’ किंवा ‘जेवणानंतर’ असं लिहिलेली नोंद सिक्युरिटीने घ्यायची नाही. लायसन्स बघणंही उगाच नाही. लायसन्स नसलेल्याच्या हातात मालकाने गाडी दिली, तर कलम १८० खाली मालकावर वेगळा गुन्हा होतो आणि त्याचा दंड ५,००० रुपये आहे.

किल्ली परत येईपर्यंत गाडी सही करणाऱ्याच्या ताब्यात आहे असं कंपनी धरून चालते. वाटेत गाडी दुसऱ्याला दिली, तर दोघांनी गाडीच्या लॉगबुकमध्ये वेळ आणि रीडिंग लिहून सह्या करायच्या आणि डॅशबोर्डचा फोटो पूलच्या ग्रुपवर टाकायचा. हे सगळ्यांना जाचक वाटतं. पण खरा घोळ नेमका इथेच होतो, म्हणून एक उदाहरण पूर्ण बघू.

समजा, मंगळवारी सकाळी ८:४० ला एका सेल्स ऑफिसरने चाकणच्या गेटवरून गाडी घेतली. रीडिंग ६१,२४०. कामं तुर्भ्याला. दुपारी तो तिथेच थांबला आणि गाडी परत आणायला एका सर्व्हिस इंजिनिअरकडे दिली. संध्याकाळी ६:०५ ला किल्ली गेटवर जमा झाली. शुक्रवारी चलन दिसलं: एक्स्प्रेसवे, बोरघाट, वेग ८४, मर्यादा ६०, वेळ १४:५२, दंड २,००० रुपये.

गेटच्या रजिस्टरमध्ये दिवसभरासाठी एकच नाव आहे, सेल्स ऑफिसरचं. त्याला विचारलं तर तो म्हणतो, मी तेव्हा तुर्भ्याला होतो. इंजिनिअर म्हणतो, मी तीन वाजेपर्यंत तिथून निघालोच नव्हतो, घाटात मी नव्हतो. कोणाचं खरं?

पहिलं बघायचं ते चलनावरच्या वेळा. गुन्हा घडल्याची वेळ आणि चलन तयार झाल्याची वेळ वेगळ्या असू शकतात, आणि घाईत माणूस दुसरीच वाचतो. इथे १४:५२ ही गुन्ह्याची वेळ आहे, हे फोटोवर छापलेल्या वेळेशी जुळतं. दुसरं फास्टॅगचं खातं. सकाळी ९:२५ ला उर्से टोल, म्हणजे मुंबईकडे जाताना. दुपारी १४:३८ ला खालापूर टोल, म्हणजे पुण्याकडे येताना. त्यानंतर चौदा मिनिटांनी घाट. म्हणजे गुन्हा परतीच्या वाटेवर झाला, आणि ‘तीन वाजेपर्यंत निघालो नव्हतो’ हे टिकत नाही. तिसरं लॉगबुक. त्यात १३:२०, रीडिंग ६१,३५२ आणि दोघांच्या सह्या. संध्याकाळी गेटवर ६१,४६६. जाताना ११२ किलोमीटर, येताना ११४. वळसा कुठे नाही.

आता नाव ठरलं, इंजिनिअरचं. मुद्दाम लक्षात घ्या, फास्टॅगने गाडी कुठे होती एवढंच सांगितलं. जीपीएस असतं तर त्यानेही तेवढंच सांगितलं असतं. माणूस सांगितला तो लॉगबुकातल्या दोन सह्यांनी. त्या सह्या नसत्या तर गेटच्या रजिस्टरप्रमाणे पैसे सेल्स ऑफिसरने भरले असते, आणि तो ओरडत राहिला असता.

परिपत्रकाप्रमाणे पुढे असं होतं. ॲडमिन चलनाची प्रत आणि फोटो इंजिनिअरला मेलवर पाठवतं. त्याला सात दिवसांत मान्य किंवा अमान्य कळवायचं असतं. मान्य असेल तर तो स्वतः पोर्टलवर पैसे भरतो आणि पावती पाठवतो. अमान्य असेल तर ॲडमिन, एचआर आणि कामगारांचा एक प्रतिनिधी असे तिघे बसून कागद बघतात. या सगळ्यात वेळ गेला तरी कंपनी चलन थकू देत नाही; गरज पडली तर आधी स्वतः भरते, मग ठरवते.

नाव सापडलंच नाही तर? तर कंपनी भरते. त्या दिवशी गाडी वापरलेल्या चौघांवर दंड वाटून टाकायचा नाही, असं परिपत्रकात स्पष्ट आहे. नोंद नसण्याची जबाबदारी नोंद ठेवणाऱ्यावर. तसंच, पोलिसांनी कलम १३३ खाली विचारलं तर ‘किल्ली अमुक यांनी घेतली होती’ असं लिहायचं, ‘गाडी अमुक चालवत होते’ असं नाही, जर आपल्याला फक्त किल्लीचीच खात्री असेल. ‘ताबा म्हणजे चालक’ हे गृहीतक कंपनीच्या घरातलं आहे. ते पोलिसांपुढे सत्य म्हणून ठेवता येत नाही.

ड्रायव्हरच्या नावावर टाका

याच्या शेजारीच एक जुनी सवय आहे आणि तिच्याबद्दल परिपत्रक तीन ओळींत बोलतं. मी जास्त बोलेन. गाडी मॅनेजरने चालवली, चलन आलं, आणि वरून निरोप येतो: ‘पैसे मी देतो, नाव ड्रायव्हरचं टाका.’ ड्रायव्हर नाही म्हणत नाही. त्याला वाटतं, पैसे तर साहेब देतायत.

पण प्रश्न पैशांचा राहत नाही. काही गुन्ह्यांमध्ये लायसन्स निलंबित होऊ शकतं, आणि वेगाचा गुन्हा पुन्हा झाला तर ते जप्त करण्याची तरतूद कायद्यात आहे. मॅनेजरचं लायसन्स तीन महिने गेलं तर तो कॅबने येईल. ड्रायव्हरचं गेलं तर घरात पगार येणार नाही. शिवाय पोलिसांना कायद्याने द्यायची माहिती जाणूनबुजून खोटी देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २१२ मध्ये. त्यात अडकतो तो सही करणारा ॲडमिनचा माणूस, निरोप पाठवणारा नाही. परिपत्रकाने त्यावर उपाय केला आहे: पोलिसांना जाणाऱ्या उत्तराला रजिस्टरच्या त्या पानाची प्रत जोडल्याशिवाय कोणी सही करायची नाही. मॅनेजरचं नाव पानावर असेल तर ड्रायव्हरचं नाव पत्रात येऊ शकत नाही. आणि मॅनेजरने सही न करता किल्ली नेली असेल, तर किल्ली देणाऱ्या सिक्युरिटीला नाही, मॅनेजरलाच नोटीस.

पगारातून का कापत नाही

सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हा. नाव ठरलं, रक्कम ठरली, मग पेरोलमधून दोन हजार वळते करा ना, एवढा पावतीचा खटाटोप कशाला?

कारण पगारातून काय कापता येतं, याची यादी कायद्यात बांधलेली आहे. आधी ती वेतन प्रदान अधिनियम १९३६ मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झाली, तिच्यातही तशीच यादी आहे. त्या यादीत ‘वाहतुकीचा दंड’ असं काही नाही. जवळची दोन कलमं आहेत आणि दोन्ही अपुरी पडतात.

पहिलं शिस्तीच्या दंडाचं. मालक कर्मचाऱ्याला दंड करू शकतो, पण कोणत्या चुकीसाठी ते आधी मंजूर करून जाहीर केलेलं हवं, त्याला बाजू मांडू द्यायला हवी, आणि रक्कम त्या महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त नको. हप्त्याने वसूल करता येत नाही आणि नव्वद दिवसांनंतरही नाही. इंजिनिअरचं वेतन २८,००० धरा. तीन टक्के म्हणजे ८४०. दोन हजारांचं चलन त्यात बसत नाही. दुसरं कलम नुकसानीचं. पण ते कर्मचाऱ्याच्या ताब्यात दिलेल्या मालाचं नुकसान किंवा त्याने हिशेब द्यायच्या पैशांची तूट, याबद्दल आहे, आणि तेही त्याच्याच हलगर्जीपणाने झालं असेल तर. सरकारला भरलेला दंड त्यात कोंबायचा तर लेबर ऑफिसरसमोर बराच घाम गाळावा लागेल.

म्हणून परिपत्रकाने कपातीचा रस्ताच सोडला. चालकाने स्वतः पोर्टलवर भरावं, पावती द्यावी. दिली नाही, तर त्याला पूलची गाडी मिळणं बंद आणि गरज पडल्यास शिस्तभंगाची नेहमीची प्रक्रिया. पेरोलला हात नाही.

कंपनीने मोठ्या मनाने सगळेच दंड भरावेत, असंही काही जण म्हणाले. हिशेबवाल्यांचा त्याला विरोध आहे. गुन्ह्यापोटी भरलेला दंड आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही. आणि कर्मचाऱ्याने भरायचे पैसे कंपनीने भरले तर ते त्याला मिळालेली सवलत म्हणून त्याच्या करपात्र उत्पन्नात धरले जाऊ शकतात.

भाड्याच्या आणि दुसऱ्याच्याच गाड्या

लीजवर घेतलेल्या गाड्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. कायद्याच्या व्याख्येत लीज कराराखाली गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो मालक, म्हणजे आपणच. पण चलन मात्र आरसीवरच्या नोंदीप्रमाणे जातं. मेसेज लीज कंपनीकडे गेला तर तो आपल्यापर्यंत बिलासोबत, वरचा प्रोसेसिंग चार्ज लावून, महिन्या-दीड महिन्याने येतो. तोवर लोकांची आठवण गेलेली असते. त्यामुळे या गाड्यांचं गेट रजिस्टर आणि लॉगबुक दोन वर्षं जपायचं ठरलं आहे, आणि सोमवारच्या तपासणीत या गाड्याही येतात. उशिराच्या बिलावरचा जादा चार्ज चालकाकडून मागायचा नाही, कारण तो उशीर त्याचा नाही.

शेवटी, चलन आपलं नसूही शकतं. फोटो उघडून मॉडेल आणि रंग आधी बघायचा. एकदा आठचा आकडा तीन वाचल्यामुळे पांढऱ्या कारचं चलन आमच्या निळ्या पिकअपवर आलं होतं. मॉडेल-रंगही तेच असेल आणि गाडी मात्र त्या वेळी युनिटमध्ये उभी असेल, तर कोणीतरी आपला नंबर लावून फिरत असण्याची शक्यता असते. अशा वेळी पैसे भरून मोकळं व्हायचं नाही. भरलं की चलन मान्य केल्यासारखं होतं आणि पुढची चलनं येतच राहतात. त्या दिवसाचं गेट रजिस्टर, फास्टॅगचं खातं, गाडीचे चारही बाजूंचे फोटो जोडून पोर्टलवर तक्रार करायची आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यायची. तो अर्ज ॲडमिन करेल, पण त्या वेळी गाडी आवारातच होती हे सांगणारी नोंद सिक्युरिटीकडे असायला हवी. म्हणून रात्री दहाला उभ्या गाड्यांचे नंबर आणि रीडिंग लिहून ठेवायचं कामही याच परिपत्रकाने गेटवर दिलं आहे.